पासिंगची चार चाकं

आमच्या ट्रकच्या पासिंगला मी एकदाच गेले, आणि त्या दिवशी पाहिलेल्या प्रकाराची किळस अजून गेलेली नाही.

पन्नासच्या दशकातली शेवटची वर्षं. काटेवाडीला आमची वांगी-टोमॅटोची बागायत. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जुना ट्रक घेतला होता. मालक, म्हणजे माझे यजमान, तो भरून मोरगाव-सासवडवरून दिवे घाट उतरून पुण्याला नेत. गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे असा दाखला दरवर्षी लागे. त्यासाठी पुण्याचे साहेब बारामतीत येत आणि मोकळ्या मैदानावर गाड्या तपासत.

मी भाकरी घेऊन मैदानावर पोचले, तर मालक लिंबाखाली जॅक लावून चाकं काढत होते. आमची टायरं गोटा झाली होती. खाचा पार गेलेल्या, एकाच्या कडेला फुगवटा, पुढच्या डाव्याच्या तर रबरातून आतलं कापड दिसत होतं. बाजूला चार नवीकोरी चाकं उभी होती.

"कुणाची ही?" मी विचारलं.

"इंदापूरच्या तात्यांची. पासिंगपुरती."

इंदापूरचे तात्या मामंजींचे दोस्त, तेही ट्रकवाले. त्यांची ही चार चाकं सकाळपासून गाडीगाडीला लागत होती. दोन पुढं, दोन मागच्या जोडचाकांत बाहेरून. आतली कुणी वाकून बघायचंच नाही. एकाची गाडी पास झाली की चाकं दुसऱ्याला. वर्षानुवर्षांचा रिवाज, आणि त्याला सगळे म्हणत एकमेकांना सांभाळून घेणं!

ती आमच्या गाडीला चढली. त्यातल्या एका चाकावर तांबड्या रंगाचा फराटा होता. साहेबांनी तो पाहिला.

"हे टायर आज मला सारखं भेटतंय, तात्या. थकलं असेल बिचारं."

"साहेब, गरिबाचं टायर. सगळ्यांच्या लग्नाला जातं," तात्या म्हणाले.

मैदान हसलं. साहेबही हसले आणि आमच्या दाखल्यावर सही केली. तेव्हा नियमात आकडा नव्हता. टायर चांगल्या, सुरक्षित स्थितीत हवं एवढंच, आणि ते ठरवणारे डोळे साहेबांचे. आता आकडा आला आहे: ट्रकच्या टायरची खाच निदान एक पूर्णांक सहा दशांश मिलिमीटर हवी. पण त्या दिवशी कमी पडली ती मोजपट्टी नव्हे.

साहेब झाडामागच्या हॉटेलात चहाला गेले. इकडं लगेच चांगली चाकं उतरून आमची गोटा चाकं परत चढली. आभाळ भरून आलं होतं, गाडीत वांगी भरलेली होती, आणि मालक तशाच गाडीनं निघणार होते.

"अहो, घाटात पाऊस असंल," मी म्हणाले. "पाणी सरकायला खाच न्हाय. टायर पाण्यावर तरंगतं, बिरेक लावून उपेग न्हाय. आन् ते पुढचं फुटलं तर गाडी त्याच अंगाला वडंल, तुमी कितीबी हँडल धरा."

हे मला त्यांनीच सांगितलं होतं, दुसऱ्या कुणाच्या तरी अपघाताबद्दल.

"न्हाय फुटत. इतके दिस फुटलं का?"

लिंबाखाली बसलेले मामंजी तंबाखू मळत म्हणाले, "सूनबाई, दाखला मिळालाय. आता भ्या कशाचं?"

कागदावर सही झाली म्हणून रबर वाढलं, असं ते खरंच मानत होते.

मी हॉटेलात गेले. बाजाराचा दिवस, बाकं भरलेली. सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "साहेब, तुमी पास केलेली गाडी बगायला चला. आता तिची खरी चाकं चढलीत."

"बाई, मी तपासली तेव्हा ठीक होती."

"मग आताबी तपासा. आज माझा माणूस घाटात ऱ्हायला तर सही तुमचीच हाय."

एवढ्या लोकांदेखत त्यांना उठावंच लागलं. त्यांनी पुढच्या टायरच्या कापडावरून बोट फिरवलं, नखानं दोरा उचकटला, आणि जणू पहिल्यांदाच पाहिल्यासारखा चेहरा करून दाखला परत मागितला. कारण लिहून रद्द केला. टायरं बदलून आणा, तोवर गाडी हलवायची नाही, म्हणाले. मला त्यांचाही आदर वाटला नाही.

"घरची बाई साहेबाला सांगाय जाती! नाक कापलं," तात्या म्हणाले. त्यांनी आपली चाकं घाईघाईनं ताडपत्रीखाली झाकली. बाकीचे ट्रकवाले माझ्याकडं बघत थुंकले. मालक गाडीतली वांगी उतरवू लागले.

वांगी तिथल्याच बाजारात पडेल भावानं गेली, उरलेली घरी आली. मामंजींनी नवी टायरं घेईपर्यंत माझ्याशी बोलणं टाकलं. घेतल्यावरही फारसं बोलले नाहीत.

त्या संध्याकाळी मालक बैलगाडीतून घरी आले. चूळ भरून पाटावर बसले, आणि रागानं भाकरी मोडू लागले. मी दुसरी वाढली.