दोनने भागायचं राहिलं

धाकटी सून लेथवर उभी राहिली ती नवऱ्याच्या जागी. नवरा गेला, कारखान्याने बायकोला हंगामी घेतलं आणि शिकवायचं काम आलं थोरल्या दिराकडे, कारण तो त्याच खात्यात हेडटर्नर होता. दोन वर्षांत तिचा हात असा बसला की नाकं मुरडणारे जुने टर्नरही गप्प झाले. आता परीक्षा होती, एकदाच मिळणारी. नापास झाली तर हंगामी कामही गेलं. पास झाली की कायम, आणि कायम झाली की राहायला कारखान्याची खोली. लेकीला घेऊन दिराच्या घरातून निघायचं, एवढंच तिने मनाशी धरलं होतं. दिराला वेगळाच घोर होता. ही गेली तर अंथरुणाला खिळलेल्या आईचं करणार कोण? त्याच्या बायकोने केव्हाच हात वर केले होते.

टेपरची कामं दीर स्वतःकडे ठेवायचा, त्यामुळे निमुळता जॉब तिने कधी केलाच नव्हता. परीक्षेच्या सकाळी मात्र त्याला माया आली. त्याने चिठ्ठीच लिहून दिली: मोठ्या व्यासातून लहान वजा कर, लांबीने भाग, टॅनच्या तक्त्यात कोन बघ, कंपाउंड स्लाइड तेवढी फिरव.

ड्रॉइंगवर व्यास चाळीस आणि चोवीस, लांबी ऐंशी. सोळा भागिले ऐंशी, शून्य पॉइंट दोन. तक्त्यात कोन निघाला सव्वाअकरा अंशांच्या जरासा पुढे. तिने हत्यार धरणारी स्लाइड फिरवली, बोल्ट आवळले, ऐंशीवर रेघ मारली आणि टोकाकडून कापायला लागली.

मध्येच ती थबकली. टोकाचा व्यास चोवीसवर आला होता आणि उतार मात्र लांबीच्या निम्म्यावरच पोचला होता. जॉब अजून वाचला असता, मागे भरपूर माल होता. तिने दिराकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं. त्याने शांतपणे मान हलवली, रेघेपर्यंत जा. घरच्या वडील माणसाचं ऐकायचं नाही तर कोणाचं? ती गेली.

परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी टोकाला कॅलिपर लावला. आठ मिलिमीटर.

"कोन दुप्पट घेतलास," ते म्हणाले. "स्लाइड एकाच बाजूने कापते, मग निम्माच फरक धरायचा. सोळा भागिले एकशेसाठ. पावणेसहा अंशांच्याही आत यायला हवं होतं. कोणी शिकवलं हे?"

"शंभरदा सांगितलं साहेब, दोनने भागायला विसरू नको म्हणून," दीर म्हणाला. "डोक्यात शिरेल तर ना."

खात्यातले हसले. चिठ्ठी तिच्या खिशात होती, अक्षर त्याचं होतं. ती काढली असती तर त्याची अब्रू गेली असती आणि संध्याकाळी लेकीसकट तिची पिशवी दाराबाहेर पडली असती.

"मीच विसरले," ती म्हणाली.

साहेबांनी नाव खोडलं आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. ती हात पुसत दाराकडे निघाली तसा दीर मागून आला.

"सरळ घरी जा," तो म्हणाला. "सकाळपासून आईची चादर बदललेली नाही."