काजूच्या मालकिणीचा धाकटा भाऊ

जेद्दात सुकामेवा आणणाऱ्या एका कंपनीत मी खरेदी बघतो. मला पाच भाषा येतात असं मी पहिल्याच ओळखीत सांगून टाकतो. घरची कोकणी मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी आणि इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, रिन्यू करण्यापुरती अरबी. या बढाईपायीच पुढचं सगळं घडलं.

आमचा काजू व्हिएतनामहून येतो. रत्नागिरीचा माणूस जेद्दात बसून व्हिएतनामचा काजू मागवतो, यावर गावाकडे माझी पुरेशी चेष्टा झालेली आहे. तिथल्या कारखान्यातला इंग्रजी जाणणारा कारकून नोकरी सोडून गेला आणि मालकीणबाई स्वतः ईमेलला उत्तरं देऊ लागल्या. इंग्रजी मोडकंतोडकं, तेही तीन-चार दिवसांनी. रमजानला अडीच महिने उरले होते आणि आमचा कंटेनर अजून भरलाच नव्हता.

मी साहेबांना म्हणालो, "मी त्यांना त्यांच्याच भाषेत लिहितो."

"तुला येते?" साहेबांनी विचारलं. ते लेबनानी, अनुभवी.

"येईल," मी म्हणालो.

इंग्रजीत ईमेल लिहून मी फोनवरच्या ॲपमधून त्याचं व्हिएतनामी केलं. ॲपने 'मी'साठी 'तोई' आणि 'तुम्ही'साठी 'बान' वापरलं. तेवढ्यावर थांबलो असतो तर फार तर कोरडा ठरलो असतो. पण मी आदल्या रात्री यूट्यूबवर एक धडा पाहिला होता. त्यात सांगितलं होतं की व्हिएतनामी लोक एकमेकांशी नात्याने बोलतात. 'आन्ह' म्हणजे मोठा भाऊ, 'ची' म्हणजे मोठी बहीण, 'एम' म्हणजे धाकटं भावंड. हे ऐकून मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं. आमच्याकडे दुकानात पाऊल टाकणाऱ्या बाईला आपण ताई नाहीतर आपा म्हणतोच की!

वेबसाइटवर मालकीणबाईंचा फोटो होता. तिशीच्या दिसत होत्या. मी सेहेचाळीसचा. म्हणजे त्या धाकट्या, मी थोरला. सगळी 'तोई' खोडून मी 'आन्ह' घातलं, सगळी 'बान' खोडून 'एम' घातलं. इंग्रजी पत्राच्या शेवटी सवयीने लिहिलेलं होतं की आपल्या उत्तराची वाट पाहतो आहे. त्याचं झालं, 'आन्ह मॉंग तिन एम'. वाचायला इतकं गोड वाटलं की मी ते दोनदा मोठ्याने म्हटलं आणि पाठवून दिलं.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. दोन ओळी. सुरुवातीला 'क्वी काँग ती', म्हणजे माननीय कंपनी, आणि स्वतःला 'चुंग तोई', म्हणजे आम्ही. ईमेल मिळाला, माहिती कळवू. मी साहेबांना म्हणालो, "बघा, आपल्याला माननीय म्हणायला लागल्या." त्यानंतर दहा दिवस त्या काहीच म्हणाल्या नाहीत.

आमच्या ऑफिसच्या खालच्या मजल्यावर घरकामाच्या बायका आणणारी एक रिक्रूटमेंट एजन्सी आहे. तिथे एक व्हिएतनामी दुभाषी बाई काम करते. वय तीस-बत्तीस, अरबी माझ्यापेक्षा चांगली. लिफ्टमध्ये ओळख होती. अकराव्या दिवशी मी फोन घेऊन तिच्याकडे गेलो.

तिने माझा ईमेल वाचला. मग परत वाचला. मग चेहरा फायलीआड नेला. तिचे खांदे हलत होते.

"सर, हे तुम्ही कोणाला पाठवलं?"

"कारखान्याच्या मालकीणबाईंना."

"आमच्याकडे 'आन्ह' आणि 'एम' नुसते भाऊ-बहीण नाहीत. नवरा-बायको आणि प्रेमात पडलेले लोकही एकमेकांना हेच म्हणतात. ऑफिसात थोरला पुरुष धाकटीशी असं बोलतो, त्यात काही नाही. पण अनोळखी बाईला पहिल्याच पत्रात, आणि शेवटी हे वाक्य…" तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "याचा अर्थ, प्रिये, मी तुझ्या निरोपाची वाट पाहतोय."

मी घाईघाईने त्यांचं दोन ओळींचं उत्तर उघडून तिच्यापुढे धरलं.

"पण त्यांनी मला माननीय म्हटलं!"

"तुम्हाला नाही, कंपनीला. त्यांनी तुम्हाला कुठल्याच नात्याने हाक मारली नाही. दार लावून घेतलं."

मग ती म्हणाली, "त्यांचं वय किती?" मी फोटो दाखवला. तिने कारखान्याचा नंबर मागितला आणि तिथल्या तिथे फोन लावला. दोन मिनिटांत हसणं-बोलणं सुरू झालं. ती मालकीणबाईंना 'को', म्हणजे आत्या, आणि स्वतःला भाची म्हणत होती. जन्मसाल त्यांनीच आधी हिचं विचारलं, मग आपलं सांगितलं. आमच्याकडे बाईला वय विचारलं तर चहा मिळायचा बंद होतो. तिथे त्याशिवाय वाक्यच सुरू होत नाही.

मालकीणबाई छपन्न वर्षांच्या होत्या. फोटो कारखान्याच्या उद्‌घाटनाचा होता.

"म्हणजे त्या 'ची' आणि तुम्ही 'एम'," दुभाषी म्हणाली.

मला ते जड गेलं. मराठीत समोरच्याला तू म्हणा, तुम्ही म्हणा, आपण म्हणा, 'मी' जागच्या जागी असतो. इथे तो 'मी'च खाली उतरून बसत होता. सेहेचाळीसाव्या वर्षी, टक्कल पडलेल्या अवस्थेत, मी कोणाचं तरी धाकटं भावंड होणार होतो.

"'तोई' लिहिलं तर नाही चालणार?"

"चालेल. पण माफी मागायची असेल तर 'एम'च बरं. 'तोई' माफी मागतो तेव्हा वकील बोलल्यासारखं वाटतं."

तिने सांगितलं, मी टाइप केलं. 'एम चाव ची आ.' धाकट्याचा ताईंना नमस्कार. शेवटचा 'आ' नुसता अदबीचा. चूक कशी झाली ते सरळ लिहिलं, यूट्यूबसकट.

संध्याकाळच्या आत उत्तर आलं आणि ते 'ची'ने सुरू होत होतं. दुभाषीने वाचून दाखवलं. ताईंनी लिहिलं होतं की पहिला ईमेल त्यांनी यजमानांना दाखवला होता आणि यजमान दोन दिवस त्यांना जेद्दाला कधी निघतेस असं विचारत होते. एमने मनाला लावून घेऊ नये. आणि कंटेनर का अडला तेही खरंखरं लिहिलं होतं: आम्हाला हवा तो तीनशेवीस नंबरचा, म्हणजे पौंडाला तेवढे दाणे बसणारा, काजू पुरेसा नाही. अर्धा माल साडेचारशेचा, म्हणजे बारीक दाण्याचा, घेतला तर कंटेनर लगेच निघेल. शेवटी लिहिलं होतं, एमने ताईचं ऐकावं.

साहेब म्हणाले, "बारीक दाणा रमजानमध्ये कोण घेणार? कडक लिही."

मी खाली गेलो. "आता कडक लिहायचंय. 'तोई' वापरू?"

दुभाषी एकदम गंभीर झाली. "एकदा 'एम' झाल्यावर मधेच 'तोई' म्हणालात तर त्याचा अर्थ होतो, आपलं नातं संपलं. काजू संपला तरी चालेल असं असेल तरच लिहा."

म्हणजे भाव करायचा तोही धाकटा राहूनच. आम्ही लिहिलं की ताई, एमला तुमचं ऐकायचंय, पण बारीक दाणा पाहून इथली गिऱ्हाइकं एमवर ओरडतील, साहेब तर आधीच ओरडतायत. ताईंनी एमसाठी जरा सांभाळून घ्यावं. ते वाचताना मला माझीच कीव आली. इतकं केविलवाणं मी लग्नाआधी सासऱ्यांशीही बोललो नव्हतो.

ताईंनी तीन भाग मोठा दाणा दिला, एक भाग बारीक. कंटेनर रमजानच्या आठ दिवस आधी बंदरात लागला. साहेबांनी ते सगळं माझ्या कडकपणाचं फळ मानलं आणि मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. ताई आता दर ईमेलमध्ये एम जेवला का, असं विचारतात आणि प्रत्येक कंटेनरमध्ये एक भाग बारीक दाणा घालतात. बारीक नको असं लिहायला मी तीनदा बसलो. तिन्ही वेळा 'एम जेवला' एवढंच लिहून पाठवलं.