मथळेकाकांची विषयओळ

अख्खी इमारत त्यांना मथळेकाका म्हणायची. त्यांची उभी हयात वर्तमानपत्रात बातम्यांना मथळे देण्यात गेली होती. वर्तमानपत्र बंद पडलं, सवय मात्र सुटली नाही. घरात भाजी करपली तरी काकांच्या डोक्यात मथळा तयार.

एका सकाळी चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, आणि आत लिफ्टच नव्हती! पाय टाकू पाहणाऱ्या शेजारणीला काकांनी दंडाला धरून मागे ओढलं. लिफ्ट लगेच बंद करवली, कंपनीला फोन लावला. तिकडून ठरलेलं उत्तर आलं, "मेल टाका."

काकांना स्फुरणच चढलं. विषयाच्या जागी लिहिलं, 'दार उघडलं अन् काळजाचा ठोका चुकला!' आणि मजकुराची सुरुवात, 'आम्ही आपले जुने ग्राहक असून...'

उत्तर आलं: तक्रार नोंदवली आहे, पुढच्या नियमित देखभालीच्या वेळी पाहू.

"नियमित?" काका ताडकन उठले. "बाई जिवानिशी गेली असती! थांब, यालाच उत्तर लिहून खडसावतो."

"नको बाबा," सून म्हणाली. ती बँकेत ग्राहकांचे मेल वाचून त्या त्या विभागाला धाडायची. "ते जुन्या तक्रारीखालीच जाऊन बसेल. नवा मेल लिहा. मथळा झकास आहे हो, पण मेल वाटून देणाऱ्यापुढे ढीग असतो. विषय आणि पहिली ओळ बघून तो पुढे ढकलतो. तुमच्या विषयात लिफ्टच नाही, आणि धोका पार खाली."

"मग 'अतितातडीचे' लिहू?"

"ते सगळेच लिहितात. काय झालं ते लिहा."

काका हसायलाच लागले. "वर्तमानपत्रातले आमचे साहेब अगदी हेच म्हणायचे! माझा कागद भिरकावून द्यायचे. 'कविता घरी कर. काय झालं, कुठे झालं, ते सांग!'"

मग दोघांनी मिळून लिहिलं. विषय: 'सुरक्षेला धोका: लिफ्ट नसताना दार उघडले, चौथा मजला', पुढे लिफ्टचा क्रमांक. पहिलं वाक्य: 'आज सकाळी लिफ्ट मजल्यावर नसताना दार उघडले आणि एक बाई खाली पडता पडता वाचल्या, सुरक्षा अभियंत्याने तपासेपर्यंत आम्ही लिफ्ट बंद ठेवली आहे.' खाली काकांचा फोन नंबर.

दुपारी सुरक्षा अभियंत्याचाच फोन आला. "आधीचा मेल आमच्याकडे पोचलाच नाही हो," तो म्हणाला. दाराचं कुलूप झिजलं होतं. ते बदललं, सगळ्या मजल्यांची दारं तपासली, मगच लिफ्ट सुरू झाली.

काकांना वाटलं, ही विषयओळ साहेबांना दाखवावी. पण साहेब जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. चहा घेता घेता ते सुनेला सांगत राहिले: ते लांबलचक टेबल, शाईचा वास, खाली छपाई सुरू झाली की पायाखाली थरथरणारी फरशी, आणि मथळा जमला की साहेब काही न बोलता नुसती मान हलवायचे ते.

"आणि नाही जमला तर?" सुनेने विचारलं.

"मग सगळ्या टेबलाला ऐकू जायचं," काका म्हणाले, आणि डोळे पुसत हसले.