कळलेलं भाषण

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीत आमगावचे एक भातगिरणीवाले शेठजी उभे राहिले. वकिलाकडून लिहून आणलेलं भाषण त्यांनी मला दाखवलं, कारण मी शाळेत मराठी शिकवायचो. मी ते मोठ्यानं वाचायला लावलं. "सिंचनविषयक समस्यांचे समूळ निराकरण करण्यास्तव" इथंच त्यांना धाप लागली. मी वाक्यं तोडली, जड शब्द काढले आणि लिहिलं, "पाणी नाही. मी कालवा आणीन. तुमच्या धानाला पाणी मिळेल."

"गुरुजी, असं तं मी रोजच बोलतो!" शेठजी नाराज झाले.

"म्हणूनच लोकांना कळेल."

कळलंच. सभेत एक शेतकरी उठला. "शेठजी, कवा आणता? अन् कोणाच्या जमिनीतून?"

पुढच्या गावात शेठजींनी वकिलाचंच भाषण वाचलं. कोणाला काही कळलं नाही, पण टाळ्यांचा कडकडाट झाला.