होत्याची जत्रा

तलावात गाळ साचतो तसे आमच्या आमगावच्या कथामंडळात किस्से साचतात. चार जण, तलावाची पाळ, रविवारची सकाळ. कथा वर्षाला एखादी, किस्से मात्र बक्कळ!

यंदाचे सगळे किस्से शेवंताताईंच्या एकाच परिच्छेदाचे. त्यांचे बाबा या तलावाचं पाणी शेतांना वाटायचे. आता त्यांना दिसत नाही. ताईंना पहिली कथा त्यांनाच वाचून दाखवायची होती. “बाबाले तलाव आधी, आम्ही मंग,” त्या म्हणायच्या. हसत म्हणायच्या, पण मला ते लागायचं.

*

पहिला खर्डा असा: “सकाळ होती. तलाव भरला होता. पाणी पाळीला लागत होतं. बाबा उभे होते. त्यांच्या मनात भीती होती. मी कमळं तोडत होते.”

मंडळाचे गुरुजी रिटायर्ड मास्तर. त्यांनी लाल पेन काढलं. “बाई, हे कथा हाये का होत्याची जत्रा?”

*

मी ‘पाणी तांडव करत होतं’ सुचवलं. स्वतःवरच खूश!

ताई पाण्याकडे बघत राहिल्या. धुकं हलकेच वर सरकत होतं. “तांडव नाही जी. चाटून राहिलं होतं. गाय वासराले चाटते तसं.”

‘पाणी पाळ चाटत होतं.’ माझं तांडव तिथंच बुडालं.

*

लय तपासायची गुरुजींची रीत म्हणजे चालत वाचायचं. सगळी वाक्यं एका मापाची, रोवलेल्या धानासारखी. गुरुजी कवायतीसारखे चालू लागले, लेफ्ट-राइट! ताईंनी दोन वाक्यं जोडली, एक तोडलं. मग गुरुजींचीच चाल संथ झाली. ऐकता ऐकता माझे डोळे मिटले.

*

“मनात भीती होती,” गुरुजी थांबले. “कथा सांगते कोण? कमळं तोडणारी पोरगी. तिले बापाच्या मनातलं कसं दिसते? तिले दिसलं तेवढंच लिही.”

ताईंनी कागद पुढं ओढला. मग भीती खोडली आणि तिथं बाबांची मूठ लिहिली.

*

गेल्या रविवारी बाबांना हाताला धरून पाळीवर आणलं. ताईंनी वाचलं:

“सकाळ धुक्यात विरघळत होती. तलाव काठोकाठ भरला होता. पाणी पाळ चाटत होतं. कमळाकडे वाकता वाकता मी वर पाहिलं. बाबा पाळीवर थबकले. त्यांची मूठ फावड्यावर आवळली, नजर पाण्यावर खिळली.”

बाबांनी मान हलवली. “खोटं हाये. मी पाण्याकडं कोठं पाहिलो? तू वाकली होतीस. तुह्याकडं पाहून राहिलो होतो.”

गुरुजींनी लाल पेन पुढं केलं. “बदलून टाका, बाई.”

बाबांनी चाचपडत तो हात मागं सारला.

“राहू द्या, गुरुजी. पोरीले तवा कोठं मालूम होतं?”