३.१५ मिलिव्होल्टची फाइल

आमच्या लॅबमध्ये एक निळी फाइल आहे. तिचा मला किळस येतो. कव्हरला बुरशीचा वास आहे, पण तो कोकणातल्या कुठल्याही कागदाला येतोच. माझी तक्रार आतल्या एका आकड्याबद्दल आहे, आणि त्याहून जास्त माझ्याबद्दल.

मी रत्नागिरीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. पावसहून एसटीने येते, तासावर खडू झिजवते, संध्याकाळी परत जाते. माझ्या आवडीचा एक धडा म्हणजे नॉइज, म्हणजे सर्किटमधला गोंगाट. सगळ्या फ्रीक्वेन्सीवर सारखा पसरलेला गोंगाट आरसी फिल्टरमधून सोडला, तर बाहेर किती व्होल्ट येतील, हा त्यातला ठरलेला प्रश्न. गोंगाटाची घनता दिलेली असते, ती बँडविड्थच्या वर्गमुळाने गुणायची. खरी गोम बँडविड्थ कोणती घ्यायची यात आहे.

मुलं डोळे झाकून कटऑफ, म्हणजे फिल्टर जिथून अडवायला लागतो ती फ्रीक्वेन्सी, घेतात. मी त्यांना सांगते, कटऑफ म्हणजे बागेचा गडगा नव्हे, की अलीकडे आपलं आणि पलीकडे शेजाऱ्याचं. तो घाटीसारखा उतार आहे. कटऑफच्या पलीकडूनही गोंगाट येतच राहतो, हळूहळू कमी होत. तो सगळा मोजला तर फिल्टर जणू कटऑफच्या पाय (π) भागिले दोन पटींवर, म्हणजे १.५७ पटींवर सरळ बंद होतो, असा हिशेब बसतो. त्या रुंदीला नॉइज बँडविड्थ म्हणायचं. हे मी दरवर्षी फळ्यावर सोडवते.

आणि तोच प्रयोग दोन खोल्या पलीकडे लॅबमध्ये होतो. तिथल्या निळ्या फाइलमध्ये १.५७ नाही.

आमच्या बोर्डावर सोळाशे ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. कटऑफ जवळपास हजार हर्ट्झ. नॉइज जनरेटर शंभर मायक्रोव्होल्ट दर रूट हर्ट्झ देतो. बरोबर हिशेबाने बाहेर ३.९५ मिलिव्होल्ट आरएमएस यायला हवेत. फाइल म्हणते ३.१५. फाइल विभागप्रमुखांनी तयार केलेली, आणि त्यांनी सरळ कटऑफच घेतलेला.

पूर्वी हे खपून जायचं. लॅबमधला जुना काट्याचा मीटर साइन वेव्हसाठी आखलेला होता, आणि असले मीटर गोंगाट दहा-अकरा टक्के कमीच दाखवतात. काटा ३.५ च्या आसपास डुलायचा, मुलं ३.२ लिहून मोकळी व्हायची. मग खरा आरएमएस मोजणारा मीटर आला. तो ३.९५ दाखवू लागला. मुलांनी काय केलं असेल? मीटर लावणं बंद केलं आणि ३.१४, ३.१६, ३.१५ असे आकडे आलटून पालटून लिहायला लागली. जर्नलं चकाचक. मी त्यांवर सह्या करत राहिले.

मला माहीत नव्हतं असं नाही. मी एकदा प्रमुखांना सांगितलं होतं. ते म्हणाले, फाइल तपासणीच्या कमिटीने बघितलेली आहे, आता बदलली तर आधीची सगळी जर्नलं खोटी ठरतील. ती खोटीच होती, हे मी मनात म्हटलं. तोंडाने म्हणाले, ठीक आहे सर.

आणि मग ती मुलगी आली. मांडवीची, वडील ट्रॉलरवर. अंतिम वर्ष, एका कंपनीत निवड झालेली, पण एकही विषय राहता कामा नये ही अट. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत तिच्या चिठ्ठीला नेमका हाच प्रयोग आला. तिने आमचा एकुलता एक बोर्ड घेतला, मीटर लावला, दहा रिडिंगं घेतली, सरासरी काढली आणि ३.९५ लिहिलं. खाली १.५७ चा हिशेबही मांडला, सुबक अक्षरात.

बाहेरगावचे परीक्षक घाईत होते, त्यांचं लक्ष दुपारच्या सुरमईत होतं. त्यांनी फाइल उघडली, ३.१५ वर बोट ठेवलं आणि पंचवीस टक्के चूक म्हणून पेपर बाजूला सारला. दहा टक्क्यांच्या बाहेर गेलं की प्रयोगाला शून्य, हा आमचा नियम. प्रमुख शेजारी उभे होते. मुलीने त्यांच्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, तुम्हीच शिकवलंत ना, एक पूर्णांक सत्तावन्न?"

एक वाक्य पुरलं असतं. होय, तिचं बरोबर आहे, फाइल चुकली आहे. मी काय बोलले ते अजून माझ्या तोंडात कडू आहे.

"पुन्हा एकदा रिडिंग घे."

तिने घेतलं. ३.९४ आलं. तेच लिहिलं. शून्य मिळालं, ती नापास झाली, नोकरी गेली. प्रमुखांनी हळहळ व्यक्त केली आणि परीक्षकांना पायरीपर्यंत सोडायला गेले. मी निकालपत्रावर अंतर्गत परीक्षक म्हणून सही केली. त्या दिवशी पावसच्या एसटीत मला स्वतःच्या हाताचीही शिसारी आली.

त्यानंतर मात्र मी भांडले. उशिरा भांडणाऱ्याचा आवाज जरा मोठाच लागतो. हिशेब लिहून दिला, मीटर लावून दाखवला, फाइल बदलल्याशिवाय पुढच्या परीक्षेला परीक्षक म्हणून बसणार नाही म्हटलं. प्रमुखांनी कुरकुरत ते पान फाडलं आणि नवं लावलं. उत्तर ३.९५. मला वाटलं, निदान एवढं तरी झालं.

पुढच्या सत्रात राहिलेल्यांची परीक्षा होती. सात जण, त्यात ती. सगळ्यांना हाच प्रयोग, बोर्ड एकच, त्यामुळे एकेक जण आत जाऊन बसून येत होता, मी बाहेरच्या टेबलावर पेपर घेत होते. पेपर आले. ३.९५, ३.९४, ३.९६, ३.९५. मला बरं वाटलं, हे सांगायला लाज वाटते.

सगळे गेल्यावर मी आत जाऊन सहज मीटर चालू केला. आकडा हलत हलत ५.७७ च्या आसपास थांबला. मी तारा तपासल्या, पुन्हा लावल्या, पुन्हा तेच. मग कपॅसिटर बघितला. त्यावर ०.१ मायक्रोफॅरडचा कोड १०४ हवा होता, होता ४७३, म्हणजे ०.०४७. म्हणजे निम्म्याहून कमी, म्हणजे फिल्टर दुपटीहून रुंद, आणि त्यातून ५.७७ हेच बरोबर उत्तर. लॅबच्या मामांना विचारलं.

"जुन्याचे पाय गंजले होते मॅडम, परवाच बदलला. स्टॉकात ह्योच होता. कोनी काय बोल्ला नाय."

सातांपैकी एकानेही मीटर लावला नव्हता. मी पेपर पुन्हा चाळले. तिचा पेपर सगळ्यात नीटनेटका होता. दहा रिडिंगं, सरासरी ३.९५, खाली १.५७ चा हिशेब.

ती बाहेर पायरीवर बसली होती. मी तिला विचारलं, तू तरी मीटर लावला होतास का. मला वाटलं होतं ती मान खाली घालेल. तिने घातली नाही.

"नाही मॅडम. फाइल बघितली. मागच्या वेळी मीटर लावला होता."

मी आत आले आणि तिला पूर्ण गुण दिले.