बुरशी की लोणा

पाऊस ओसरल्यावर झाडलोट करायला कपाट सरकवलं, तर मागच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीपर्यंत पांढरट डाग पडलेला. मी फोटो काढून मुलाला पाठवला. तो बावधनला राहतो. माझ्या पिरंगुटच्या घरापासून ते काही परदेशाइतकं लांब नाही, तरी गणपतीनंतर स्वारी इकडे फिरकली नव्हती. पाच मिनिटांत त्याचा फोन आला.

"आई, बुरशी असणार ती. तुला दमा आहे. मिस्त्रींना दाखव. बुरशी निघाली तर सरळ इकडे राहायला यायचं, हट्ट करायचा नाही."

हट्ट कोण करतंय? मी त्याच संध्याकाळी बॅग भरून ठेवली. हे गेल्यापासून घरात बोलायला एक मीच उरले आहे आणि माझं माझ्याशी फारसं पटत नाही.

मग रोज फोन येऊ लागला, डाग कसा आहे विचारायला. मी ओल्या फडक्याने तो पुसायची आणि दोन दिवसांत तो परत उगवायचा. खरं सांगते, उगवला की मला बरं वाटायचं.

रविवारी उरवड्याचे मिस्त्री आले. हे घर त्यांनीच बांधलेलं. त्यांनी आधी भिंतीचा वास घेतला, मग नखाने खरवडलं. पांढरी भुकटी भुरभुरत खाली पडली.

"बुरशी आहे ना?" मी विचारलं.

"ताई, बुरशीला कुबट वास येतो, बोट लावलं की पसरती. ही बगा, मिठावानी हाय."

त्यांनी वाटीभर पाणी मागितलं आणि चिमूटभर भुकटी त्यात टाकून ढवळली. मी वाटीत डोकावून बघत राहिले. तळाला काहीतरी राहू दे, असं मनात म्हणत होते. सगळं विरघळलं.

"लोणा हाय. जोत्यातनं ओल वर चढती, पाणी वाळतं, खार भिंतीवर राहतो. वरची ही पिवळी कड दिसती का? ओल तितवर चढलीय. तुमी पुसता कशानं?"

"ओल्या फडक्याने."

"मग जाईल कसा? पाण्यात विरघळून परत आत जातो, वाळला की भाईर येतो. कोरड्या ब्रशानं झाडा, कपाट लांब ठेवा. ओलीचं काम उन्हाळ्यात करू. छातीला भ्यायचं कारण न्हाई."

मी मुलाला कळवलं.

"बुरशी नाही? वा! सुटलो!" तो म्हणाला. 'सुटलीस' म्हणाला असता तर मला इतकं लागलं नसतं.

त्यानंतर पाच दिवस त्याचा फोन आला नाही. मी बॅग रिकामी केली. भिंत रोज कोरड्या ब्रशाने झाडत होते आणि डाग खरोखरच फिका पडत चालला होता.

सहाव्या दिवशी सकाळी मी फडका भिजवला, नीट पिळला आणि भिंत पुसायला बसले.